बोरन्हाणाचा फोटो पोस्ट करण्याआधी

संक्रांत ते रथसप्तमी हा हलव्याचे दागिने करणाऱ्यांचा हंगाम. या दिवसांत त्यांच्या व्हॉट्सॲपवर ऑर्डरींपेक्षा फोटो जास्त येतात. काळं झबलं, डोक्यावर पांढराशुभ्र मुकुट, हातात हलव्याची बासरी, आजूबाजूला सांडलेले चुरमुरे आणि बोरं, आणि खाली आईचा निरोप: ‘ताई, सेट अप्रतिम होता. हा बघा आमचा कान्हा.’ तो फोटो पाहून दागिने करणारीचा शीण उतरतो. पुढच्या मिनिटाला तो तिच्या स्टोरीवर जातो, संध्याकाळी पोस्ट होतो आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याच फोटोवर पैसे लावून जाहिरात चालते. आईने मात्र एकच गोष्ट केलेली असते. आपल्या बाळाचा फोटो एका ओळखीच्या बाईला कौतुकाने दाखवलेला असतो.

छोट्या व्यवसायांच्या सोशल मीडियाचं काम मी करते. मुलांचे फोटो वापरताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो नेमका इथे, म्हणून हा लेख हलव्याच्या दागिन्यांभोवतीच ठेवला आहे. झबली-टोपडी, लाकडी खेळणी, नाचणी सत्त्व किंवा पाळणाघर असा तुमचा कोणताही व्यवसाय असला तरी त्यातली बरीचशी पथ्यं तशीच्या तशी लागू पडतील.

परवानगी नेमकी कशाची?

‘फोटो टाकू का?’ एवढं विचारलं की बहुतेक आया ‘हो, टाका ना’ म्हणतात. हे उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. तिच्या मनात चोवीस तासांची स्टोरी असते आणि तुमच्या मनात पुढच्या हंगामाचं पत्रक. म्हणून प्रत्येक वापर वेगळा विचारायचा आणि त्याला मुदत घालायची. मी ग्राहकांना जो निरोप पाठवायला सांगते तो साधारण असा असतो:

‘नमस्कार ताई. फोटो फार गोड आला आहे. तो आमच्या पानावर टाकायला आवडेल, पण तुम्ही आणि बाळाचे बाबा दोघांची हरकत नसेल तरच. खालच्या चार गोष्टींना वेगवेगळं हो किंवा नाही कळवा. एक, चोवीस तासांची स्टोरी. दोन, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरची पोस्ट, पुढच्या रथसप्तमीपर्यंत. तीन, पैसे देऊन चालवलेली जाहिरात. चार, व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि चेहरा न दाखवता छापील पत्रक. बाळाचं नाव, वय, गाव आम्ही लिहिणार नाही. पोस्ट सगळ्यांना दिसते, अनोळखी माणसंही पाहतात, आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तो आम्हाला परत आणता येत नाही, हेही सांगून ठेवते. मन बदललं तर कधीही याच नंबरवर “काढा” एवढंच लिहा, एका दिवसात काढू. नाही म्हणालात तरी काहीच बिघडत नाही.’

निरोप लांब वाटतो, पण त्यातलं एकही वाक्य गाळण्यासारखं नाही. स्क्रीनशॉटचं वाक्य वाचून काही जणी थांबतात आणि फक्त स्टोरीला हो म्हणतात. म्हणजे निरोपाने आपलं काम चोख केलं. जी आई हे वाचून नको म्हणाली असती, तिचा होकार ते वाक्य गाळून मिळवणं ही फसवणूक आहे.

आता हो म्हणणारं माणूस कोण, हे पाहायचं. बोरन्हाणाचे फोटो पुष्कळदा मावशी पाठवते, आत्या पाठवते, कधी फोटोग्राफर स्वतःच पाठवतो. त्यांच्यापैकी कुणाचाही होकार चालत नाही. आई किंवा वडील, आणि ते नसतील तर कायदेशीर पालक, एवढ्यांचाच होकार धरायचा. ऑर्डर आईच्या नावावर असेल आणि त्याच नंबरवरून उत्तर आलं असेल तर ओळख पटायला तेवढं बरंचसं पुरतं. मावशीचा नंबर असेल तर आईचा नंबर मागून घ्यायचा आणि एक फोन करायचा. आईवडिलांपैकी एक जण हो म्हणतोय आणि दुसरा नको, अशी वेळ आली तर फोटो टाकायचा नाही. घरातला वाद आपल्या पोस्टवर सोडवायचा नसतो. फोटोग्राफरने काढलेला असेल तर त्यालाही विचारायचं, पण ती वेगळी परवानगी झाली. चित्रावर हक्क कुणाचा, याचा आणि मूल कुणाचं, याचा एकमेकांशी संबंध नाही.

बोरन्हाणात आणखी एक गोष्ट हमखास निसटते. पाटावर बसलेलं बाळ एक असतं, पण बोरं लुटायला वाकलेली शेजारची पाच-सहा मुलं असतात. फोटो खरा रंगतो तो त्यांच्यामुळेच. बाळाच्या आईला त्या मुलांच्या वतीने हो म्हणता येत नाही. प्रत्येकाच्या घरी विचारणं शक्य असेल तर विचारावं, नाहीतर त्यांचे चेहरे दिसणार नाहीत असा फोटो निवडावा. वरून काढलेला, फक्त हात आणि चुरमुरे दिसणारा फोटो पुष्कळदा दागिन्यांनाही जास्त उठाव देतो.

सवलतीचं काय, असा प्रश्न येतोच. ‘बाळाचा फोटो पाठवा आणि पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट मिळवा’ अशी योजना दिसायला निरागस आहे. तरीही ती करू नये असंच माझं मत आहे, कारण मग होकार पैशाला बांधला जातो आणि पुढे नको म्हणणं अवघड होतं. त्याहून वाईट म्हणजे ‘गोंडस बाळ स्पर्धा’. त्यात आया शेकडो अनोळखी लोकांसमोर बाळाचं नाव, वय आणि फोटो एकत्र टाकतात, आणि लाइक जमवण्यासाठी तो फोटो दहा गटांत फिरवतात. एका संध्याकाळच्या गर्दीसाठी आपण परक्यांच्या मुलांची यादीच तयार करून ठेवतो.

कायदा काय म्हणतो

मुलाच्या सहीला आपल्याकडे करार म्हणून किंमत नाही. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात ठरवून टाकलं आहे. म्हणून कागदावर सही पालकाचीच लागते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. चेहरा ओळखू येणारा फोटो ही वैयक्तिक माहितीच आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती आणि विनाअट असावी लागते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं लागतं. वरच्या निरोपातली चार वेगवेगळी उत्तरं आणि ‘काढा’ हा एक शब्द त्यासाठीच आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. घरगुती व्यवसायाला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही, पण ‘आम्ही लहान आहोत’ म्हणून फोटो कसाही वापरावा, अशी मोकळीकही तिथे नाही. घरातल्या घरात काढलेले आणि ठेवलेले फोटो या कायद्याबाहेर राहतात. तुमच्या दुकानाचं पान मात्र घर नव्हे.

फोटोत काय दिसतं ते आधी बघा

परवानगी मिळाली म्हणून फोटो टाकण्याजोगा झाला असं नाही. काही गोष्टी पालक हो म्हणाले तरी टाकायच्या नाहीत, आणि हे तुम्ही हंगाम सुरू होण्याआधी लिहून ठेवावं. समोर सुंदर फोटो असताना नियम ठरवायला बसलं की नियम फोटोच्या बाजूने झुकतो.

माझ्याकडे एका वर्षी एका व्यवसायाने पोस्टसाठी पाठवलेला एक फोटो उदाहरणादाखल घेते. मागे काळा पडदा. त्यावर सोनेरी पुठ्ठ्याची अक्षरं: बाळाचं पूर्ण नाव आणि ‘पहिलं बोरन्हाण’. बाजूला फुग्यांवर जन्मतारीख. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं सोसायटीचं नाव वाचता येतंय. बाळाच्या अंगावर बाळकृष्णासारखा फक्त लंगोट आणि हलव्याचे हार, बाजूबंद, कंबरपट्टा. एका मुठीत हलव्याची बासरी, तिचं टोक तोंडात. फोटो अतिशय देखणा होता आणि आईची परवानगीही होती.

पहिला अडसर कपड्यांचा. बाळकृष्ण उघडाच असतो, घरच्या अल्बममध्ये त्यात वावगं काहीच नाही. पण सार्वजनिक पानावरचा लहान मुलाचा उघडा फोटो कोण साठवून ठेवतं, त्याचं पुढे काय करतं, हे आपल्या हातात राहत नाही. आता तर साध्या फोटोवरूनही अश्लील चित्र तयार करता येतं. म्हणून छाती ते मांड्या झाकलेल्या हव्यात, ही मर्यादा मी बाळाच्या वयाकडे न बघता लावते. अंघोळीचे, तेल लावतानाचे, कपडे बदलतानाचे, रडतानाचे फोटो याच नियमात बसतात. या फोटोत आम्ही फक्त मुकुट आणि डोळे येतील एवढाच भाग घेतला. तसं करताना कापलेला फोटो नव्याने जतन केला आणि तोच वापरला, मूळ फोटो व्यवसायाच्या फोनमधून पुसून टाकला.

दुसरा अडसर नाव, तारीख आणि इमारत यांचा. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण पूर्ण नाव, जन्मतारीख आणि राहण्याचं ठिकाण या तिन्ही एका चित्रात आल्या की त्या मुलाची ओळख अनोळखी माणसाच्या हाती पडते. ती माहिती दोन वर्षांनी जुनी होत नाही, जन्मभर तीच राहते. बोरन्हाणाच्या सजावटीत नावाची पाटी असतेच, म्हणून तिच्याकडे आधी बघायचं. मग आरशात किंवा काचेत काय उमटलंय, दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय, मोठ्या मुलांच्या शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह दिसतंय का, हे तपासायचं. असा भाग धूसर करण्यापेक्षा कापून टाकणं किंवा त्यावर गडद रंगाची पट्टी देणं बरं. हलकं धूसर केलेलं नाव लोक ओळखतात. आईला टॅगही करू नये. तिच्या खात्यावर बाळाचं नाव, घर, गाव हे सगळं आधीपासून असतं आणि तुमचा टॅग थेट तिथे नेऊन सोडतो.

तिसरी गोष्ट बासरीची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हलवा, बोर, चुरमुरे, शेंगदाणे हे सगळं तान्ह्या बाळाच्या घशात अडकू शकतं. दागिने करताना दाणे पुठ्ठ्यावर दोऱ्याने ओवलेले असले तरी काही ठिकाणी डिंकाने चिकटवलेले असतात, ते खाण्याजोगे नसतात. दात येणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. तुम्ही तो फोटो ‘किती गोड’ म्हणून टाकलात तर पाहणाऱ्या दहा आयांना तुम्ही सांगता की यात काही धोका नाही. मुलं अनुकरण करतील अशी धोकादायक गोष्ट जाहिरातीत दाखवू नये ही अपेक्षा जाहिरात मानक परिषदेच्या आचारसंहितेत आहे आणि २०२२ साली आलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. माझ्या मते अशा फोटोऐवजी ‘दागिने बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका, कार्यक्रम झाला की लगेच उतरवा’ ही ओळ प्रत्येक पोस्टखाली असावी. त्या ओळीसाठी ग्राहक आभार मानतात.

ठरवून शूट करायचं असेल तर

ग्राहकाने आपणहून पाठवलेला फोटो ही एक गोष्ट आणि नव्या सेटच्या जाहिरातीसाठी मूल आणून कॅमेऱ्यासमोर बसवणं ही अगदी वेगळी. चौदा वर्षांखालच्या मुलाला काम देण्यावर बंदी घालणाऱ्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यात कलाकार म्हणून जाहिरातीत भाग घेण्याची सूट ठेवली आहे, पण अटींसह. त्या अटी नियमांत स्पष्ट लिहिल्या आहेत. जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. सोबत ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव द्यायचं. हमीपत्र सहा महिने चालतं. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. मोबदल्याचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेव म्हणून टाकायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावायचं नाही, हेही नियमातच आहे.

जानेवारीच्या हंगामासाठी शूट डिसेंबरात असेल तर अर्जाची तयारी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच करा. ‘ओळखीतलंच मूल आहे, अर्ध्या तासाचं काम आहे’ म्हणून हे टाळलं जातं. पण अपघात झाला, बाळाला पुरळ उठलं किंवा पालकांशी वाद झाला तर कागद नसलेला व्यवसाय पूर्ण उघडा पडतो. एवढं सगळं झेपणार नसेल तर मूल आणून शूट करू नका, त्याला पर्याय आहेत, ते पुढे सांगते.

कायद्याची पाच तासांची मर्यादा ही कमाल आहे. एक वर्षाच्या बाळाला त्याच्या दहाव्या हिश्शाचाही वेळ पुरे. माझा हिशेब असा: शूटची वेळ बाळाच्या झोपेनंतर आणि खाण्यानंतरची, कॅमेरा आणि दिवे बाळ येण्याआधी लावून तयार, त्यासाठी बाळाच्या जागी उशी ठेवून चाचणी. बाळ आल्यावर वीस मिनिटं, त्यात मनाजोगते पाच-सहा फोटो मिळाले तर मिळाले. दागिने थेट कातडीवर नाहीत, आत सुती झबलं हवं, कारण काटेरी हलवा कोवळ्या कातडीला खरचटतो. दिव्यांच्या उष्णतेत घाम आला की साखर चिकट होते आणि मग दागिना काढताना ओढला जातो. डब्यातून काढलेल्या सेटला मुंग्या नाहीत ना, हे दिव्याखाली धरून बघायचं. मुकुटाची दोरी हनुवटीखाली कधीच बांधायची नाही. आई किंवा बाबा हाताच्या अंतरावर, फोनमध्ये न बघता. आणि मुलासोबत कुणीही एकटं नाही, फोटोग्राफरही नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला आपण स्वतः विचारायचं, आईकरवी नाही. ‘तुझा फोटो दुकानाच्या पानावर लावला तर चालेल का, खूप लोक बघतील.’ मूल कधी सरळ नको म्हणतं. पुष्कळदा म्हणत नाही, पण मुकुट सारखा काढून ठेवतं, प्रत्येक फोटोआधी आईच्या चेहऱ्याकडे बघून मग हसतं, शू लागली म्हणून तिसऱ्यांदा सांगतं. ही सगळी ‘नाही’च आहेत. अशा वेळी ‘एक शेवटचा’ म्हणत चॉकलेटचं आमिष दाखवायचं नाही. शूट थांबवायचं आणि ठरलेला मोबदला पूर्ण द्यायचा. थांबवल्यावर पैसे कापले जातील असं वाटलं तर पुढच्या वेळी आईच मुलावर जोर करेल.

मोबदला ५,००० रुपये ठरला असेल तर त्यातले किमान १,००० मुदत ठेवीत जायला हवेत. सगळेच गेले तर उत्तम. रोख न देता ‘सेट फुकट देतो’ असं ठरलं असेल तर तोही मोबदलाच, त्याची किंमत करारात लिहायची. त्या बदल्यात आईने स्वतःच्या खात्यावर पोस्ट टाकायची असेल तर तिने ती जाहिरात असल्याचं ठळक लिहिणं बंधनकारक आहे, आणि तिला हे सांगणं तुमचं काम आहे.

अलीकडे अंगणवाडीत किंवा बालगृहात सामूहिक बोरन्हाण करून त्याचे फोटो टाकण्याची पद्धत आली आहे. अंगणवाडी सेविकेचा किंवा संस्थाचालकाचा होकार म्हणजे पालकांचा होकार नव्हे. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यांची ओळख प्रसिद्ध करायला मनाईच करतं, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दागिने जरूर द्या. फोटो काढूच नका.

पोस्ट टाकल्यानंतर

खरी देखरेख इथून सुरू होते आणि नेमकी इथेच ती ढिली पडते. मुलाचा फोटो असलेल्या पोस्टवर टिप्पण्या बंद ठेवा, किंवा फक्त तुम्ही फॉलो करता त्यांच्यापुरत्या उघड्या ठेवा. रील असेल तर ते डाउनलोड करण्याची आणि त्यावरून दुसऱ्याने नवीन रील करण्याची सोय बंद करा. सेटिंग्जमध्ये हे दोन्ही आहे. स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही, पण सहज उचलून नेणं तरी थांबतं.

पैसे लावून जाहिरात चालवायची झाली तर प्रेक्षक स्वतः निवडा. यंत्रणेला मोकळं सोडलं की ती जो थांबून बघतो त्याला दाखवत जाते. तो का थांबतोय याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. हलव्याचे दागिने पंचवीस ते पन्नास वयाच्या बायका घेतात, फार तर हौशी बाबा आणि आजी. तेवढ्यांनाच, आणि तुम्ही कुरिअर पाठवता त्याच भागात, जाहिरात दिसू द्या. मुलांना लक्ष्य करून जाहिरात दाखवायला २०२३ च्या कायद्यात मनाईच आहे.

आकड्यांकडे विक्रीसाठी बघता तसं सुरक्षेसाठीही बघा. इतर पोस्टपेक्षा एकाच मुलाच्या फोटोला कितीतरी जास्त सेव्ह आलेत पण चौकशी एकही नाही, जिथे तुम्ही माल पाठवतच नाही अशा देशांतून प्रेक्षक येऊ लागलेत, हलव्याच्या दागिन्यांच्या पानावर अचानक अनोळखी पुरुषांचे फॉलो वाढलेत, ‘आणखी फोटो पाठवा’ असे निरोप येऊ लागलेत, या खुणा आहेत. कुणी सेव्ह केलं हे इन्स्टाग्राम सांगत नाही, म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. पोस्ट त्याच क्षणी काढा, ती खाती ब्लॉक करून तक्रार नोंदवा आणि पालकांना स्वतः फोन करून सांगा. त्यांना ते दुसरीकडून कळू नये.

फोटोत फेरफार करून कुणी घाणेरडं काही केलं असेल तर ते चित्र स्वतःच्या फोनमध्ये उतरवू नका आणि पुरावा म्हणून कुणाला पाठवूही नका. मुलांचं असं चित्र जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पत्ता, खात्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, cybercrime.gov.in वर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

‘काढा’ असा निरोप आल्यावर

काही महिन्यांनी एखादी आई लिहिते, ‘ताई, तो फोटो काढाल का?’ कारण विचारू नका. घटस्फोट असेल, मूल शाळेत जायला लागलं असेल, कुणी चिडवलं असेल, किंवा काहीच नसेल. पोस्ट काढायला दहा सेकंद लागतात. पण तो एकच फोटो आठ ठिकाणी बसलेला असतो: पोस्ट, हायलाइटमधली स्टोरी, बंद केलेली पण पुन्हा चालू होऊ शकणारी जाहिरात, व्हॉट्सॲप कॅटलॉग, गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीतले फोटो, डिझायनरच्या संगणकातलं पत्रक, फोटोग्राफरचं स्वतःचं पान, आणि तुमचे सेट विकणाऱ्या दुसऱ्या गावच्या विक्रेत्याचं पान.

हे तेव्हाच काढता येतं जेव्हा आधी लिहून ठेवलेलं असतं. साधी वही पुरते. प्रत्येक फोटोला एक क्रमांक, पालकांचा होकार कधी आणि कशाकशाला, मुदत कुठवर, आणि फोटो कुठे कुठे गेला. मुलाचं नाव वहीतही लिहू नका, ऑर्डर क्रमांक लिहा. होकाराच्या निरोपाचा स्क्रीनशॉट वेगळा जपा, आणि फोटो काढल्यावरही तो तारखेसकट ठेवा, कारण काढण्याआधीचा वापर परवानगीनेच होता याचा तोच दाखला. फोटोग्राफर, डिझायनर आणि विक्रेत्यांना फोटो देताना ‘आम्ही सांगू तेव्हा काढावा लागेल, आणि जाहिरातीसाठी वापरता येणार नाही’ हे लेखी कळवा. मुदत संपली की आईने आठवण करून देण्याची वाट न बघता काढा. पुढच्या रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात वही उघडायची, एवढा एक दिवस कॅलेंडरवर टाकून ठेवला तरी पुरतं. छापील पत्रकं वाटून झाली असतील तर ती परत येत नाहीत, म्हणून मी मुलांचे चेहरे छापील कामात वापरूच देत नाही.

आणि आता ते पर्याय. दागिने विकायला प्रत्येक वेळी चेहरा लागत नाही. मुकुट मागून, मानेवरच्या कुरळ्या जावळासकट. बांगडी घातलेली बाळाची मूठ आणि तिच्याभोवती आजीची बोटं. काळ्या खणावर मांडलेला पूर्ण सेट, शेजारी फूटपट्टी, म्हणजे मापही कळतं. लाकडी पाळण्यातल्या बाळकृष्णाच्या मूर्तीला घातलेले दागिने. कापडी बाहुलीला एक वर्षाच्या मापाचा सेट घालून तीनही बाजूंनी काढलेले फोटो. शेवटच्या प्रकाराने चौकशीचे फोन कमी होतात, कारण गळ्याचा घेर किती, मुकुट कानावर येतो का, हे आईला फोटोतच दिसतं आणि तिने विचारायच्या आधी उत्तर मिळतं.